बेरीज चुकलेल्या उत्सव हिशोबाचं सुधारित पत्रक सभासदांपुढे कसं ठेवावं

विसर्जन झाल्यावर आठवड्याभराने आमच्या नेरूळच्या सोसायटीत उत्सव समितीचं जमा-खर्च पत्रक नोटीस बोर्डावर लागलं. ग्रुपवरही गेलं. छप्पन्न सदनिका, पाच दिवसांचा गणपती. एकूण जमा १,०४,३३५ रुपये, खर्च ८०,१४५, शिल्लक २४,१९०. खाली समितीप्रमुखांची सही आणि खजिनदार म्हणून माझी. दोन दिवसांनी संध्याकाळी बी विंगमधले काका घरी आले. हातात पत्रकाची झेरॉक्स आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने मांडलेली लांबलचक उभी बेरीज.

"अगं, खर्चाची बेरीज बघ जरा. मी दोनदा केली. दोन्ही वेळा ८६,४४५ येतेय."

मी त्यांच्यासमोर कॅल्क्युलेटर घेऊन बसले. ८६,४४५च आले. म्हणजे खर्च ६,३०० रुपयांनी कमी दाखवला होता आणि शिल्लक तेवढीच जास्त छापली होती.

ही चूक कागदावर लहान दिसते. सभासदाच्या बाजूने पाहिलं तर प्रश्न एकच उरतो: पत्रकात २४,१९० शिल्लक आहे आणि उद्या तुम्ही १७,८९० म्हणणार, तर मधले ६,३०० गेले कुठे? सुधारित हिशोब आणि त्यासोबतचं निवेदन या एका प्रश्नाला रुपयापर्यंत उत्तर देण्यासाठी असतं. आम्ही ते पाच दिवसांत कसं केलं, कुठे अडलो आणि निवेदनात नेमकं काय लिहिलं, ते पुढे सांगते.

जुनं पत्रक काढू नका

पहिली इच्छा होते ती बोर्डावरचं पत्रक उतरवून, ग्रुपवरची पीडीएफ डिलीट करून, नवं पत्रक गुपचूप लावायची. आमच्या समितीतही कोणीतरी हेच सुचवलं. पण तोवर ते पत्रक निदान चाळीस घरांनी उघडलं होतं, काहींनी जपूनही ठेवलं असणार. जुना आकडा नाहीसा झाला की नव्या आकड्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

म्हणून त्याच रात्री मी बोर्डावरच्या पत्रकावर निळ्या पेनने एक तिरपी रेघ मारली, अशी की खालचे आकडे वाचता यावेत. बाजूला लिहिलं: "खर्चाच्या बेरजेत चूक आढळली आहे. सुधारित पत्रक १२ सप्टेंबरपर्यंत. तोवर हे पत्रक ग्राह्य धरू नये." तारीख आणि सही. ग्रुपवर याचाच फोटो टाकला. व्हाइटनर लावायचा नाही आणि आकड्यावर आकडा गिरवायचा नाही. मूळ एक्सेल फाइललाही हात लावला नाही. तिची प्रत काढून "सुधारित" नावाने सेव्ह केली आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीत केलं. चूक कशी झाली याचा एकमेव पुरावा त्या मूळ फाइलमध्येच होता.

ही पहिली सूचना देताना शिल्लक किती निघेल हे लिहायचा मोह टाळा. अजून तपासणी झालेली नसते. घाईत दिलेला दुसरा आकडाही बदलावा लागला तर तिसऱ्यावर कोण भरवसा ठेवणार?

फरक कुठून आला

जुन्या कारकुनांची एक पद्धत आहे. फरकाची रक्कम हातात घ्यायची आणि तिच्यावरून अंदाज बांधायचा. फरकाएवढीच एखादी नोंद पत्रकात आहे का ते आधी पाहायचं. असेल तर ती बेरजेतून सुटली असेल. मग फरकाची निम्मी रक्कम शोधायची, कारण खर्चाची नोंद चुकून जमेकडे गेली की शिल्लक दुपटीने हलते. मग फरकाला नऊने भागून पाहायचं. नि:शेष भाग गेला तर दोन अंक उलटसुलट झाल्याचा संशय घ्यायचा, म्हणजे ५४० च्या जागी ४५०.

आमचे ६,३०० नऊने भागले की ७०० येतात. आणि पत्रकात शेवटच्या दिवशीच्या हार-फुलांची १,८०० ची नोंद होती. ८,१०० मधून १,८०० वजा केले तर बरोबर ६,३००! काका आणि मी एकमेकांकडे पाहिलं. वाटलं, सापडलं. फुलवाल्याचं बिल काढलं तर त्यावर स्वच्छ १,८०० लिहिलेले. तासभर आम्ही त्या एका नोंदीभोवती फिरत होतो. नऊचा नियम फक्त दिशा दाखवतो, आणि तीही दर वेळी खरी नसते. शिवाय इथे एक गोष्ट आधीच लक्षात यायला हवी होती: काकांनी छापलेल्या रकमांचीच बेरीज केली होती आणि तीच वेगळी येत होती. म्हणजे नोंदी काहीही असोत, गडबड एक्सेलच्या बेरजेत होती.

फाइल उघडली. खर्चाच्या २३ ओळी होत्या, बेरजेचं सूत्र चौथ्या ओळीपासून सव्विसाव्या ओळीपर्यंत बरोबर लावलेलं. एखादी ओळ सूत्राबाहेर राहणं ही नेहमीची चूक, पण ती इथे नव्हती. मग बेरजेखालच्या रिकाम्या जागी ही दोन सूत्रं लिहिली:

```
=COUNTA(D4:D26)
=COUNT(D4:D26)
```

पहिलं सूत्र काहीही लिहिलेले सगळे चौकोन मोजतं, दुसरं फक्त आकडे असलेले. पहिल्याचं उत्तर आलं 23, दुसऱ्याचं 21. दोन चौकोनांत आपल्याला रक्कम दिसत होती, पण एक्सेलच्या लेखी तो आकडा नव्हता. त्या दोन ओळी अशा होत्या:

```
4500/-
1800/-
```

कृत्रिम तलावापर्यंतच्या टेम्पोचं भाडं आणि विसर्जनाच्या दिवशीची फुलं. बिलावर आपण रकमेपुढे रेघ मारतो तशीच ती टाइप झाली होती. आकड्याला ती तिरकी आणि आडवी रेघ चिकटली की एक्सेल सगळ्याला अक्षरं समजतो आणि बेरीज करताना काहीही न बोलता वगळतो. लाल खूण नाही, सूचना नाही. ४,५०० अधिक १,८०० म्हणजे ६,३००. फरकाएवढी एकच नोंद आम्ही शोधत होतो, म्हणून सापडत नव्हती. त्या दोन होत्या.

डोळ्यांना कळण्यासारखी एक खूण असते. आकडे चौकोनात उजवीकडे सरकून बसतात, अक्षरं डावीकडे. पण पत्रक देखणं दिसावं म्हणून आमचा सगळा रकाना मध्यभागी आणलेला होता, त्यामुळे ती खूण पुसली गेली. रकमेपुढे रेघ हवीच असेल तर चौकोनात फक्त 4500 लिहा आणि फॉरमॅटमध्ये हे द्या. मग रेघ दिसते आणि बेरीजही होते:

```
#,##0"/-"
```

सापडलेल्या चुकीपाशी थांबू नका

दोन चौकोन दुरुस्त केले, बेरीज ८६,४४५ झाली, काकांच्या पेन्सिलीशी जुळली. इथेच नवं पत्रक छापावंसं वाटतं. पण दुरुस्त बेरीज एवढंच सांगते की लिहिलेल्या नोंदी नीट मिळवल्या गेल्या. एखादं बिल लिहायचंच राहिलं असेल, १,६७० च्या जागी १,७६० लिहिले असतील, एकच बिल दोन जणांनी दोनदा चढवलं असेल, तर बेरजेला ते कळत नाही. आणि सुधारित पत्रक पुन्हा सुधारावं लागणं ही खरी नामुष्की असते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही दोघं बसलो. मुद्दाम समितीबाहेरच्या एक वहिनी मदतीला बोलावल्या. त्या बिलावरून नाव आणि रक्कम मोठ्याने वाचायच्या, मी पत्रकाच्या प्रिंटवर लाल टिक करायची. दिशा महत्त्वाची आहे: बिलावरून पत्रकाकडे यायचं. पत्रकावरून बिलाकडे गेलं तर पत्रकात नसलेलं बिल कधीच समोर येत नाही. २३ नोंदींपैकी २१ ना बिलं होती. भटजींची दक्षिणा आणि विसर्जनाच्या दिवशी टेम्पोत मूर्ती चढवायला लावलेल्या माणसांचे पैसे, या दोन नोंदींना समितीप्रमुखांच्या सहीचे व्हाउचर होते. ते पुरेसे आहेत, पण निवेदनात तसं सांगितलं पाहिजे.

जमेची बाजूही तपासली, जरी चूक खर्चाकडे होती. पावती पुस्तक १०१ ते १५२ क्रमांकांचं, म्हणजे ५२ पावत्या. त्यातली १२७ क्रमांकाची रद्द, तिची मूळ पावती आणि स्थळप्रत दोन्ही पुस्तकातच टाचलेल्या. उरलेल्या ५१ स्थळप्रतींची बेरीज ७८,६०० आली, पत्रकातली वर्गणी तीच. रद्द पावतीची मूळ प्रत पुस्तकात नसेल तर त्या घरी जाऊन विचारावं लागतं. ती पावती देऊन पैसे घेतले गेले होते की नव्हते, हे दुसऱ्या कशावरूनही कळत नाही. यूपीआयने आलेली वर्गणी बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून पाहिली. तिथे एकच गोष्ट आढळली: एका पावतीवर "रोख" लिहिलं होतं आणि पैसे खात्यात आले होते. एकूण रकमेत फरक पडत नव्हता, पण स्थळप्रतीवर दुरुस्ती करून सही केली.

पैसे मोजा, मग लिहा

आमची मूळ चूक सूत्रातली नव्हती असं मला वाटतं. ती अशी होती की पत्रकातली शिल्लक आम्ही जमेतून खर्च वजा करून काढली आणि तशीच छापली. डबा उघडला नाही, पासबुक शेजारी ठेवलं नाही. तेवढं केलं असतं तर सही करायच्या आधीच मला ६,३०० चा फरक दिसला असता.

११ तारखेला तिघांसमोर डबा उघडला: मी, समितीप्रमुख आणि काका. पाचशेच्या सहा नोटा, शंभरच्या पाच, पन्नासच्या दोन, वीसच्या दोन. एकूण ३,६४०. उत्सवाच्या बचत खात्यात त्याच दिवशी १४,२५०. दोन्ही मिळून १७,८९०. जमा १,०४,३३५ मधून दुरुस्त खर्च ८६,४४५ वजा केला तरी १७,८९०च. नोटांचा तपशील एका कागदावर लिहून तिघांनी तारीख, वेळ घालून सह्या केल्या.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. पत्रकाची तारीख आणि मोजणीची तारीख यांच्यामध्ये काही दिलं-घेतलं असेल तर ते वेगळं दाखवा. आमच्याकडे ७ ते ११ सप्टेंबर यात एकही व्यवहार नव्हता, तेही लिहिलं. दुसरं म्हणजे देणी. मांडववाल्याचे काही हजार द्यायचे बाकी असतील आणि खर्चात पूर्ण रक्कम धरली असेल, तर हातातले पैसे पत्रकापेक्षा जास्त भरतील. तो फरक बेरजेच्या चुकीत मिसळला की आकडे योगायोगाने जुळल्यासारखे दिसतात. म्हणून कोणाचं किती देणं राहिलं आहे ते मोजणीआधी समितीकडून लेखी घ्या. आमचं कोणाचंही राहिलं नव्हतं.

निवेदनाचा मजकूर

एक पान, त्याहून जास्त नको. "नजरचुकीने", "तांत्रिक कारणामुळे" हे शब्द टाळा. त्यांनी काहीच कळत नाही आणि वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी झाकलं जातंय. बिलाच्या खाली चू. भू. द्या. घ्या. लिहायची आपली रीत आहे, पण सुधारित पत्रकाखाली ती शोभत नाही. इथे चूक आधीच झालेली आहे आणि ती नेमकी सांगायची आहे. "कोणताही अपहार झालेला नाही" असंही मी लिहिलं नाही. ज्याच्या मनात शंका नव्हती त्याच्याही मनात ती या वाक्याने येते. मोजलेली रोकड आणि पासबुकाचा आकडा दिला की ते वाक्य लागत नाही.

रक्कम कोणी टाइप केली त्याचं नावही घालायचं नाही. आमच्याकडे तो मुलगा कॉलेजात शिकणारा होता, पाचही दिवस रात्री बारापर्यंत मांडवात राबला होता. टाइप त्याने केलं असलं तरी तपासून सही करायची जबाबदारी माझी होती. म्हणून चूक कशी झाली ते लिहिलं आणि सही कोणाची होती ते लिहिलं. आमचं निवेदन असं होतं:

> सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.
>
> दि. ७ सप्टेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध केलेल्या गणेशोत्सवाच्या जमा-खर्च पत्रकात खर्चाची बेरीज ६,३०० रुपयांनी कमी लागली होती. एका सभासदांनी ती दाखवून दिली, त्यांचे आभार.
>
> एकूण जमा: आधी १,०४,३३५, आता १,०४,३३५ (बदल नाही)
> एकूण खर्च: आधी ८०,१४५, आता ८६,४४५
> शिल्लक: आधी २४,१९०, आता १७,८९०
>
> टेम्पो भाडे ४,५०० आणि विसर्जनाच्या दिवशीची फुले १,८०० या दोन रकमा पहिल्या पत्रकातही छापलेल्या होत्या. संगणकात त्या आकड्यांऐवजी अक्षरे म्हणून नोंदल्या गेल्यामुळे बेरजेत धरल्या गेल्या नाहीत. पत्रकातील एकही नोंद वाढवलेली, कमी केलेली किंवा बदललेली नाही.
>
> सर्व २३ नोंदी बिले व व्हाउचरशी आणि ५१ पावत्या स्थळप्रतींशी पुन्हा ताडून पाहिल्या. २१ नोंदींना बिले व २ नोंदींना व्हाउचर आहेत. दि. ११ सप्टेंबर रोजी तिघांसमोर मोजलेली रोकड ३,६४० व बँकेतील रक्कम १४,२५०, एकूण १७,८९०. दि. ७ ते ११ या काळात कोणताही व्यवहार झालेला नाही. कोणाचेही देणे बाकी नाही.
>
> शिल्लक कमी असल्यामुळे स्पीकर खरेदीचा निर्णय थांबवला आहे. तो सभेपुढे पुन्हा ठेवला जाईल.
>
> पहिल्या पत्रकावर शिल्लक प्रत्यक्ष न मोजता मी सही केली, याबद्दल दिलगीर आहे. देखभाल निधीशी या हिशोबाचा संबंध नाही.
>
> बिले व पावती पुस्तक रविवार, १४ सप्टेंबर रोजी सकाळी १० ते १२ सोसायटी ऑफिसात पाहता येतील.
>
> खजिनदार

यातली सर्वांत उपयोगी ओळ कोणती, हे नंतर लोकांनीच सांगितलं: "या दोन रकमा पहिल्या पत्रकातही छापलेल्या होत्या." कित्येकांनी जुनं पत्रक उघडून ओळी शोधल्या, टेम्पोचे साडेचार हजार तिथे दिसले आणि विषय संपला. नवा खर्च मागून घुसवलेला नाही हे ज्याला-त्याला स्वतः पाहता आलं. तुमच्या बाबतीत नोंद खरोखरच सुटलेली असेल तर ही ओळ लिहिता येणार नाही. मग त्या बिलाचा फोटो निवेदनासोबत जोडावा लागेल.

चुकीच्या आकड्यावर ठरलेलं

निवेदनातल्या स्पीकरच्या ओळीबद्दल थोडं सांगते, कारण हा भाग हमखास विसरला जातो. २४,१९० शिल्लक पाहून दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर ठरलं होतं की यातून १८,५०० चा स्पीकर घ्यावा, दर वर्षीचं भाडं वाचेल. खरी शिल्लक १७,८९०. म्हणजे ६१० रुपये कमीच पडत होते आणि पुढच्या वर्षीच्या मूर्तीच्या आगाऊ रकमेला काहीच उरत नव्हतं. नशिबाने ऑर्डर गेली नव्हती. आकडा सुधारताना त्या आकड्यावर उभं राहिलेलं काय-काय आहे ते शोधा: खरेदी, कोणाला दिलेला शब्द, पुढच्या वर्षीची वर्गणी कमी करायचं आश्वासन. दुकानदाराला आगाऊ रक्कम गेली असती तर तीही निवेदनात यायला हवी होती.

सभेत काय विचारलं गेलं

रविवारी तेरा जण आले. बरेच नुसते फाइल चाळून गेले. सुधारित पत्रक समितीच्या बैठकीत मंजूर करून इतिवृत्तात घेतलं. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, पण तिच्यापुढे येतात ते ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशोब. हा गणपती चालू वर्षातला. म्हणून तिथे तो फक्त माहितीसाठी ठेवला, मंजुरीच्या विषयांत मिसळला नाही. ज्यांचे उत्सवाचे पैसे सोसायटीच्याच खात्यात फिरतात त्यांनी मात्र दोन्ही पत्रकं आणि निवेदन लेखापरीक्षकांच्या फाइलमध्ये लावावं.

सर्वांत नेमका प्रश्न ए विंगमधल्या एका ताईंनी विचारला. "मग गेल्या वर्षीची १२,३५० शिल्लक बरोबर कशावरून? तीही तुम्ही अशीच वजाबाकीने काढली असेल."

प्रश्न रास्त होता. गेल्या वर्षीची फाइल तिथेच उघडली. खर्चाच्या १९ ओळी होत्या, दोन्ही सूत्रांनी 19च दाखवलं, म्हणजे अक्षरं झालेला आकडा एकही नव्हता. पासबुकात त्या वेळची शिल्लक ११,९०० होती. राहिले ४५० रुपये रोख. ते तेव्हा कोणी मोजून लिहून ठेवले नव्हते, त्यामुळे आज कागदावरून दाखवता येत नाहीत. ताईंना मी तसंच सांगितलं आणि इतिवृत्तातही तसंच लिहिलं: ११,९०० पासबुकाने सिद्ध, ४५० फक्त पत्रकानुसार.

फाइलमध्ये आता रेघ मारलेलं जुनं पत्रक, सुधारित पत्रक, निवेदन आणि नोटांच्या तपशिलाचा सह्यांचा कागद एकत्र टाचलेले आहेत. काकांची पेन्सिलीची बेरीज असलेली झेरॉक्सही मी त्यांना विचारून त्यात लावली.